रेघ खाली आली म्हणजे गाडी मागे फिरली का?

भौतिकशास्त्राच्या वर्कशीटवर एक आलेख छापलेला असतो आणि त्याच्याखाली चार-पाच प्रश्न. विस्थापन काढा, त्वरण काढा, कोणत्या टप्प्यात गती कशा प्रकारची आहे ते लिहा. आकडेमोड पाहिली तर सहावी-सातवीतल्या मुलालाही यावी इतकी सोपी: एक भागाकार, त्रिकोणाचं क्षेत्रफळ, आयताचं क्षेत्रफळ. तरीही नववी-दहावीची, इतकंच काय अकरावीचीही पुष्कळ मुलं याच प्रश्नांवर गुण घालवतात. गणित चुकतं म्हणून ते जात नाहीत. एकाच रेघेला तीन वेगवेगळे प्रश्न विचारायचे असतात आणि कोणता प्रश्न रेघेच्या कोणत्या गुणाला विचारायचा, याची गल्लत होते म्हणून ते जातात. ही गल्लत नेमकी कुठे होते, ते दाखवणारा एक आलेख आपण नीट वाचू.

सरळ रस्त्यावर रिमोटवर चालणारी एक छोटी गाडी आहे. पूर्वेकडची दिशा धन धरली आहे, म्हणजे पश्चिमेकडची ऋण. आडव्या अक्षावर काळ सेकंदांत आहे, उभ्या अक्षावर वेग मीटर प्रति सेकंदात. शून्य सेकंदाला गाडी थांबलेली आहे, म्हणून रेघ आरंभबिंदूपासून निघते. तिथून ती सरळ चढत जाते आणि चौथ्या सेकंदाला ८ वर पोहोचते. चार ते दहा सेकंद ती ८ च्या उंचीवर आडवी चालते. दहाव्या सेकंदाला ती खाली वळते आणि एकाच सरळ रेषेत उतरत राहते. चौदाव्या सेकंदाला ती आडवा अक्ष ओलांडते, तरी थांबत नाही, आणि सोळाव्या सेकंदाला उणे ४ पर्यंत जाते. तिथे पुन्हा वर वळते आणि विसाव्या सेकंदाला शून्यावर येऊन संपते. वाचता वाचता हा आलेख एखाद्या चौकटीच्या कागदावर काढून जवळ ठेवला तर पुढचं सगळं डोळ्यांसमोर राहील.

आता पहिला प्रश्न: गाडी मागे कधी फिरली?

बहुतेकांचं बोट दहाव्या सेकंदावर जातं, कारण तिथे रेघ खाली वळलेली दिसते. काहींचं सोळाव्या सेकंदावर जातं, कारण तिथे रेघेला टोक आहे आणि ती उलटी वळली आहे. दोन्ही उत्तरं चूक आहेत. गाडी चौदाव्या सेकंदाला फिरली, म्हणजे रेघेला ना टोक ना वळण अशा एका साध्या जागी. रेघ तिथे फक्त अक्ष ओलांडून गेली.

हा गोंधळ आपल्याकडच्याच मुलांचा नाही. अमेरिकेतले भौतिकशास्त्राचे अध्यापक रॉबर्ट बाइश्नर यांनी १९९४ साली गतीचे आलेख विद्यार्थ्यांना कितपत कळतात हे तपासणारी एक चाचणी प्रसिद्ध केली. ती आजही जगभर वापरली जाते. आलेख म्हणजे त्या हालचालीचं चित्रच, अशी समजूत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांतही आढळते, हे त्यातून पुढे आलं. रेघ चढली म्हणजे गाडी टेकडी चढली, उतरली म्हणजे टेकडी उतरली किंवा माघारी आली, असं डोळा आपसूक वाचतो. रस्ता, टेकडी, नकाशा यांची चित्रं आपण लहानपणापासून पाहत आलेलो असतो, त्यामुळे कागदावरची रेघ ही वाटच वाटते. आपली गाडी मात्र एका सरळ, सपाट रस्त्यावर आहे. रेघेची उंची ती कुठे आहे हे सांगत नाही. त्या क्षणी ती किती वेगात आणि कोणत्या बाजूला चालली आहे, एवढंच सांगते.

म्हणून रेघेला विचारायचा पहिला प्रश्न उंचीचा. त्यासाठी एक साधी युक्ती आहे. एक कोरा कागद घ्यावा आणि आलेख उजवीकडून पूर्ण झाकावा. मग कागद हळूहळू उजवीकडे सरकवत जावा आणि रेघेचं जे टोक उघडं पडेल, तेवढ्याचीच उंची मोठ्याने वाचावी. ‘शून्य, दोन, चार, सहा, आठ. आठ, आठ, आठ…’ दहाव्या सेकंदानंतर ‘सात, सहा, पाच’ असं वाचताना गाडी अजून पूर्वेकडेच चालली आहे, फक्त सावकाश होते आहे, हे आपोआप कानावर पडतं. अक्षाच्या वर आहोत तोवर दिशा पूर्व. चौदाला शून्य, आणि त्यानंतर ‘उणे एक, उणे दोन’. आता गाडी पश्चिमेकडे. सोळाव्या सेकंदाला ती पश्चिमेकडे सर्वात जोरात म्हणजे ४ मीटर प्रति सेकंदाने धावते आहे, आणि त्यानंतर विसाव्या सेकंदापर्यंतही ती पश्चिमेकडेच जाते आहे, जरी रेघ तिथे चढताना दिसत असली तरी. दिशा ठरते ती रेघ अक्षाच्या कोणत्या बाजूला आहे यावरून. ती चढते की उतरते याचा दिशेशी संबंध नाही.

चढण्या-उतरण्याचा संबंध त्वरणाशी आहे, आणि हा दुसरा प्रश्न. त्वरण म्हणजे दर सेकंदाला वेगात होणारा बदल. आलेखावर तो रेघेच्या चढात दिसतो: रेघ आडवी किती गेली आणि तेवढ्यात उभी किती गेली, यांचा भागाकार. पहिल्या चार सेकंदांत वेग ० वरून ८ वर गेला, म्हणून त्वरण ८ भागिले ४, म्हणजे २ मीटर प्रति सेकंद वर्ग. चार ते दहा सेकंद वेग बदललाच नाही, म्हणून त्वरण शून्य. इथे वेग ८ आहे, म्हणजे संपूर्ण आलेखातला सर्वात मोठा, आणि त्वरण मात्र काहीच नाही. उंची आणि चढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे इथे स्पष्ट दिसतं. दहा ते सोळा सेकंदांत वेग ८ वरून उणे ४ वर आला. बदल उणे १२, वेळ ६ सेकंद, म्हणून त्वरण उणे २. शेवटच्या चार सेकंदांत वेग उणे ४ वरून ० वर आला. बदल अधिक ४, म्हणून त्वरण अधिक १.

इथे एक चूक फार नेमाने होते. ‘बाराव्या सेकंदाला त्वरण किती?’ असं विचारलं की मुलं बाराव्या सेकंदाचा वेग वाचतात, तो ४ असतो, आणि त्याला १२ ने भागून ०.३३ असं उत्तर लिहितात. पहिल्या टप्प्यात ही पद्धत बरोबर उत्तर देते: तिसऱ्या सेकंदाला वेग ६, सहा भागिले तीन दोन. तिथे रेघ आरंभबिंदूतून निघालेली असते म्हणून ते जमून जातं आणि तीच पद्धत पक्की होते. पुढे ती फसते. भागायचं असतं ते वेगातल्या बदलाला, तो बदल व्हायला लागलेल्या वेळाने. बाराव्या सेकंदाचं त्वरण हवं असेल तर तो क्षण ज्या सरळ तुकड्यावर आहे त्या सगळ्या तुकड्याचा चढ पाहायचा, आणि तो उणे २ आहे. चिन्ह चुकलं तरी ते लगेच ओळखता येतं. रेघ उजवीकडे जाताना उतरत असेल आणि आपलं त्वरण धन आलं असेल, तर कुठेतरी वजाबाकी उलटी झाली आहे.

आता चौदावा सेकंद पुन्हा पाहू. त्या क्षणी वेग शून्य आहे. मग त्वरण? ‘गाडी थांबली, म्हणजे त्वरणही शून्य’ असं उत्तर हमखास येतं. पण रेघेकडे पाहिलं तर चौदाव्या सेकंदाला तिचा चढ तिळभरही बदललेला नाही. दहापासून सोळापर्यंत ती एकच सरळ रेघ आहे, म्हणून त्वरण त्या क्षणीही उणे २ च आहे. खरोखरच ते शून्य असतं आणि शून्यच राहिलं असतं, तर थांबलेली गाडी थांबलेलीच राहिली असती, मागे फिरलीच नसती. सरळ वर फेकलेल्या चेंडूचंही असंच. हवेचा विरोध सोडून दिला तर त्याचा वेग-काल आलेख हातातून सुटल्यापासून परत हातात येईपर्यंत एकच उतरती सरळ रेघ असतो, आणि तिचा चढ सबंध वेळ उणे ९.८. सगळ्यात उंच जागी चेंडूचा वेग क्षणभर शून्य होतो, त्वरण होत नाही.

गतीचा प्रकार ओळखायचा प्रश्न इथेच सुटतो, आणि माझ्या मते सगळ्या वर्कशीटमध्ये हाच खरा कसोटीचा प्रश्न आहे. राज्य मंडळाच्या नववीच्या पुस्तकात त्वरण धन असेल, ऋण असेल किंवा शून्य असेल असं शिकवलं जातं आणि ऋण त्वरणाला अवत्वरण किंवा मंदन म्हणतात असंही सांगितलं जातं. पहिल्या ओळखीला ते ठीक आहे, कारण तिथल्या उदाहरणांतल्या गाड्या पुढेच जात असतात. मुलं मात्र त्यातून एक सोपं समीकरण घेऊन बाहेर पडतात: धन त्वरण म्हणजे गाडी जोरात, ऋण त्वरण म्हणजे गाडी सावकाश. आपल्या आलेखाने हे समीकरण मोडून दाखवलं आहे.

दहा ते चौदा सेकंद: वेग धन, त्वरण ऋण. गाडी पूर्वेकडे जाते आहे आणि तिची चाल ८ वरून शून्यापर्यंत कमी होते आहे. इथे ऋण त्वरण म्हणजे सावकाश होणं, हे बरोबर. चौदा ते सोळा सेकंद: वेग ऋण, त्वरणही ऋण. त्वरण तेच आहे, उणे २. गाडी मात्र पश्चिमेकडे जोर धरते आहे, तिची चाल शून्यावरून ४ वर चढते आहे. ऋण त्वरणाने इथे गाडी सावकाश न होता जोरात झाली. सोळा ते वीस सेकंद: वेग ऋण, त्वरण धन. त्वरण धन आहे म्हणून गाडी जोरात जात असेल असं वाटतं, पण ती पश्चिमेकडे जात जात थांबते आहे.

म्हणून त्वरणाचं चिन्ह एकटं पाहून काही कळत नाही. ते वेगाच्या चिन्हाशेजारी ठेवून पाहायचं. दोघांची चिन्हं सारखी असतील तर चाल वाढते, विरुद्ध असतील तर चाल घटते. आलेखावर हे एका नजरेत दिसतं: रेघ आडव्या अक्षापासून दूर जात असेल, मग ती वर जाऊन असो की खाली जाऊन, तर गाडी जोर धरते आहे. रेघ अक्षाकडे परतत असेल तर गाडी सावकाश होते आहे. अक्षाला समांतर असेल तर एकसमान वेग. उत्तरपत्रिकेत दहा ते सोळा हा सगळा टप्पा ‘एकसमान ऋण त्वरण’ असा एका ओळीत लिहिला तर ते खरंच आहे, पण त्यात दोन वेगळ्या हालचाली दडलेल्या आहेत. ‘गतीचे वर्णन करा’ असं विचारलं असेल तर तो टप्पा चौदाव्या सेकंदाला तोडूनच लिहायला हवा.

आता तिसरा प्रश्न, विस्थापन. ते रेघेच्या उंचीतही नसतं आणि चढातही नसतं. रेघ आणि आडवा अक्ष यांच्यामधल्या जागेत, म्हणजे क्षेत्रफळात, ते असतं. मुलांना हे पाठ असतं, पटलेलं मात्र क्वचित असतं. क्षेत्रफळ म्हटलं की चौरस मीटर, मग इथे नुसते मीटर कसे, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त असतो आणि त्याला उत्तर द्यायला हवं. कागदावरच्या या आयताची उभी बाजू मीटर प्रति सेकंदात आहे, आडवी सेकंदात. दोहोंचा गुणाकार केला की सेकंदाला सेकंद जातो आणि मीटर उरतो. नळातून मिनिटाला आठ लिटर पाणी येत असेल आणि तो सहा मिनिटं चालू ठेवला, तर बादलीत अठ्ठेचाळीस लिटर जमा होतं. चार ते दहा सेकंदांच्या टप्प्यात गाडीचंही तेच: सेकंदाला ८ मीटर, सहा सेकंद, म्हणून ४८ मीटर. आलेखावर ८ उंच आणि ६ रुंद असा आयत आहे आणि त्याचं क्षेत्रफळ ४८ आहे. यात गूढ काहीच नाही.

अडचण येते ती वेग बदलत असताना. पहिल्या चार सेकंदांत वेग कोणता धरायचा, शून्य की आठ? इथे टप्प्याचे एकेका सेकंदाचे चार तुकडे करून पाहू. पहिल्या सेकंदात वेग ० वरून २ पर्यंत सारख्या दराने वाढला, म्हणजे सरासरी १, म्हणून गाडी १ मीटर गेली. दुसऱ्या सेकंदात २ वरून ४, सरासरी ३, म्हणून ३ मीटर. तिसऱ्यात ५ मीटर, चौथ्यात ७ मीटर. बेरीज १, ३, ५ आणि ७ ची, म्हणजे १६ मीटर. आणि त्रिकोणाच्या सूत्राने पाहिलं तर पाया ४, उंची ८, अर्ध्याने गुणलं की १६.

एक, तीन, पाच, सात ही विषम संख्यांची ओळ गॅलिलिओची आहे. स्थिर स्थितीतून निघून एकसमान त्वरणाने जाणारी वस्तू लागोपाठच्या समान वेळांत विषम संख्यांच्या प्रमाणात अंतरं कापते, हे त्याने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडलं. क्षेत्रफळाची कल्पना मात्र त्याच्याही आधीची. चौदाव्या शतकात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातल्या पंडितांनी एक नियम मांडला होता: सारख्या दराने वेग वाढवत जाणारी वस्तू जेवढं अंतर जाते, तेवढंच अंतर ती आरंभीच्या आणि अखेरच्या वेगाच्या बरोबर मधल्या वेगाने तेवढाच वेळ चालली असती तर गेली असती. त्याच शतकात फ्रान्समधला निकोल ओरेम याने हा नियम आकृतीतून दाखवला. काळासाठी आडवी रेघ काढली, तिच्यावर त्या त्या क्षणाच्या वेगाएवढ्या उभ्या रेघा उभ्या केल्या, आणि तयार झालेला त्रिकोण अर्ध्या उंचीच्या आयताएवढाच भरतो हे सांगितलं. आपल्या त्रिकोणाचा माथा अर्ध्या उंचीवर कापून तो तुकडा फिरवून रिकाम्या कोपऱ्यात बसवला की ४ उंच आणि ४ रुंद असा चौरस तयार होतो. क्षेत्रफळ पुन्हा १६. कागद कापून मुलांना हे एकदा करायला द्यावं. अर्धा गुणिले पाया गुणिले उंची यातला ‘अर्धा’ कुठून आला हे मग पाठ करावं लागत नाही.

आता पूर्ण हिशेब. शून्य ते चार: १६ मीटर. चार ते दहा: ४८ मीटर. दहा ते चौदा: पाया ४, उंची ८, पुन्हा १६ मीटर. म्हणजे चौदाव्या सेकंदाला गाडी सुरुवातीच्या जागेपासून ८० मीटर पूर्वेला आहे. वाटेत ती यापेक्षा दूर कधीच जात नाही, कारण इथून पुढे ती परतते. चौदा ते सोळा: पाया २, उंची ४, क्षेत्रफळ ४, पण अक्षाच्या खाली, म्हणून उणे ४ मीटर. सोळा ते वीस: पाया ४, उंची ४, क्षेत्रफळ ८, तेही खाली, म्हणून उणे ८ मीटर. विस्थापन ८० वजा १२, म्हणजे ६८ मीटर पूर्वेकडे. कापलेलं एकूण अंतर विचारलं असेल तर मात्र परतीची वाटही धरायची: ८० अधिक १२, म्हणजे ९२ मीटर. पूर्ण प्रवासाचा सरासरी वेग ६८ भागिले २०, ३.४ मीटर प्रति सेकंद. सरासरी चाल ९२ भागिले २०, ४.६. दोन उत्तरांतला फरक फक्त अक्षाखालच्या त्या छोट्या भागामुळे पडला.

हा भाग हिशेबात घेताना दोन प्रकारे हात चुकतो. एक म्हणजे क्षेत्रफळ ऋण कसं असेल म्हणून सगळं अधिक करून ९२ हेच विस्थापन लिहिलं जातं. दुसरी चूक जास्त लबाड आहे. दहा ते सोळा ही एक सरळ रेघ दिसते म्हणून तिच्याखाली एकच मोठा त्रिकोण धरला जातो: पाया ६, उंची ८, क्षेत्रफळ २४. पण तसा त्रिकोण तिथे नाहीच. अक्षाच्या वर एक आहे आणि खाली एक. म्हणून क्षेत्रफळ मोजायच्या आधी रेघ जिथे जिथे अक्ष ओलांडते तिथे पेन्सिलीने खूण करावी आणि वरचे तुकडे, खालचे तुकडे वेगळ्या खुणांनी छायांकित करावेत. रेघ नेमकी कुठे ओलांडते हे छापील आलेखात धूसर असेल तर चढावरून काढता येतं: वेग ८ आहे, सेकंदाला २ ने घटतो आहे, म्हणजे शून्य व्हायला ४ सेकंद, म्हणून दहा अधिक चार, चौदा.

उत्तर ताडून पाहायला दुसरी वाट आहेच. दहा ते सोळा या तुकड्यात त्वरण एकच आहे, त्यामुळे तिथे गतीचं समीकरण लावता येतं:

s = ut + ½at²

u म्हणजे ८, t म्हणजे ६, a म्हणजे उणे २. अठ्ठेचाळीस वजा छत्तीस, बारा. आलेखावरून १६ वजा ४, तेही बारा. जुळलं. पण हेच समीकरण शून्यापासून वीस सेकंदांपर्यंत एकदम लावता येत नाही, कारण त्वरण वाटेत तीनदा बदललं आहे. पुस्तकात गतीची समीकरणं वेग-काल आलेखावरूनच सिद्ध केलेली असतात, आणि तो आलेख एका सरळ रेघेचा असतो. म्हणून समीकरण एका रेघेपुरतंच चालतं. रेघ मोडली की नवा तुकडा, नवा u, नवा a.

चौकटी मोजायच्या असतील तर आधी एक चौकट किती मीटरची आहे ते ठरवावं. आडवी एक चौकट १ सेकंदाची आणि उभी २ मीटर प्रति सेकंदाची असेल, तर प्रत्येक चौकट २ मीटर. चौकटींची संख्या तशीच मीटर म्हणून लिहिली की विस्थापन निम्मं येतं. असं उत्तर पकडायचं असेल तर एक अंदाज पुरे: गाडीचा वेग कधीही ८ च्या वर गेला नाही आणि प्रवास २० सेकंदांचा, म्हणजे विस्थापन १६० मीटरच्या वर जाऊच शकत नाही. ती सहा सेकंद ८ च्या वेगाने धावली, म्हणजे अंतर ४८ च्या खालीही येऊ शकत नाही.

आलेख काय सांगत नाही तेही लक्षात ठेवलं पाहिजे. गाडी रस्त्यावर कुठून निघाली हे वेग-काल आलेखात कुठेच नसतं. तिची सुरुवात एखाद्या झाडाच्या १५ मीटर पश्चिमेला झाली असेल तर ती झाडाच्या ५३ मीटर पूर्वेला येऊन थांबेल. झाडापाशीच झाली असेल तर ६८ मीटर पूर्वेला. आलेख दोन्ही वेळा तोच. आणि चार, दहा, सोळा या सेकंदांवर रेघेला जी टोकं आहेत, तिथे त्वरण किती असं विचारलं तर त्याला उत्तर नाही, कारण डावीकडून एक चढ येतो आणि उजवीकडून दुसरा. खऱ्या गाडीचं त्वरण असं क्षणात उडी मारत नाही. छापील आलेखातली टोकं हिशेब सोपा व्हावा म्हणून असतात, खऱ्या नोंदीत तिथे गोलाई असते.

खऱ्या नोंदींत बहुतेक वेळा सगळी रेघच वाकडी असते. मुंबईची लोकल फलाटावरून सुटते तेव्हा सुरुवातीला वेग झपाट्याने वाढतो आणि पुढे पुढे वाढीचा दर मंदावतो. आलेखावर ही रेघ आधी खडी चढते आणि मग हळूहळू आडवी होत जाते. ‘त्वरण कमी होते आहे म्हणजे लोकल सावकाश होते आहे’ असं वाचलं तर ते चूक. रेघ अजून चढतेच आहे, म्हणजे वेग अजून वाढतोच आहे, फक्त दर सेकंदाची भर कमी होत चालली आहे. अशा वाकड्या रेघेवर एखाद्या क्षणाचं त्वरण हवं असेल तर त्या बिंदूला स्पर्शरेषा काढून तिचा चढ घ्यावा लागतो. विस्थापनासाठी चौकटी मोजायच्या, अर्ध्याहून जास्त भरलेली धरायची, कमी असलेली सोडायची.

प्रयोगशाळेत सेन्सर लावून मिळवलेल्या आलेखात आणखी एक गोष्ट दिसते. रेघ थरथरत असते. क्षेत्रफळाला त्याचं फारसं काही वाटत नाही, कारण थोडं वर गेलेलं आणि थोडं खाली आलेलं मिळून भरून निघतं आणि विस्थापन बरंच विश्वासाचं मिळतं. चढाला मात्र ती थरथर झोंबते. शेजारशेजारचे दोन बिंदू घेऊन भागाकार केला तर त्वरण एकदा ५, एकदा उणे ३ असं काहीही येतं, आणि गाडी मात्र शांतपणे सारख्या दराने वेग वाढवत असते. म्हणून तिथे त्या टप्प्यातल्या सगळ्या बिंदूंमधून जाईल अशी पारदर्शक पट्टी ठेवावी, निम्मे बिंदू वर आणि निम्मे खाली राहतील अशी रेघ ओढावी, आणि चढ काढायला त्या रेघेवरचेच, शक्य तितके दूरचे दोन बिंदू घ्यावेत.